मारेगावची फिकट पट्टी

पुण्याच्या सरांनी माझ्या तक्त्यातले रिकामे चौकोन शून्यांनी भरले, तेव्हापासून माझं डोकं जे फिरलं आहे ते अजून जाग्यावर आलेलं नाही. घरचे म्हणतात, विसर आता, किती दिवस तेच ते. विसरले असते हो, पण त्यात एका बाईचं काम गेलं आणि ते घालवायला माझाही हात लागला. सगळं सांगते, मग तुम्हीच ठरवा.

आमची संस्था यवतमाळ जिल्ह्यात मुलींसाठी अभ्यासिका चालवते. राळेगाव, मारेगाव, फुलसावंगी अशा सात ठिकाणी एकेक मोठी खोली, खुर्च्या-टेबलं, पंखे, पुस्तकांचं कपाट आणि सांभाळायला एक बाई. पोलीस भरती, तलाठी, बँक, ज्याची जाहिरात निघेल त्याचा अभ्यास मुली करतात. फी नाही, पण खुर्च्या मोजक्या. मुलीनं फॉर्म भरला की तिला क्रमांक मिळतो, कार्ड मिळतं, आणि आत येताना कार्ड यंत्रासमोर धरलं की हजेरी लागते. सातही खोल्यांच्या हजेऱ्या यवतमाळच्या ऑफिसात माझ्या कॉम्प्युटरवर येतात. त्या सांभाळणं हे माझं काम. निधी पुण्याहून येतो, त्यामुळे अक्कलही तिकडूनच येते असा तिकडच्या लोकांचा समज आहे.

फेब्रुवारी संपता संपता सरांचा फोन आला. सातातली एक अभ्यासिका बंद करायची आहे, मार्चच्या बैठकीत विश्वस्त ठरवतील. कोणती, ते आकडे सांगतील. मुली प्रवेश घेतात खऱ्या, पण टिकतात किती? दर महिन्याच्या बॅचचा रिटेन्शन ट्रँगल करा, टक्के घाला, रंग भरा, म्हणजे विश्वस्तांना एका नजरेत कळेल.

कल्पना चांगली होती, हे मी आजही म्हणते. तक्ता असा असतो: डाव्या हाताला वरून खाली प्रवेशाचे महिने, जून, जुलै, ऑगस्ट असे. वरच्या ओळीत आडवे आकडे, शून्य, एक, दोन, तीन. म्हणजे प्रवेशानंतर कितवा महिना. जूनमध्ये वीस मुली आल्या. फॉर्म भरला त्याच दिवशी पहिली हजेरी लागते, म्हणून शून्याच्या रकान्यात नेहमी शंभर टक्के. त्या वीसातल्या सतरा जुलैत निदान एकदा आल्या, तर एकच्या रकान्यात पंच्याऐंशी. ऑगस्टात सोळा आल्या, तर ऐंशी. भागायचं दर वेळी मूळच्या वीसनंच, मागच्या महिन्याच्या आकड्यानं नाही. मधे एखादा महिना बुडवून मुलगी परत आली, तर त्या महिन्यात ती पुन्हा मोजायची. जूनच्या बॅचला फेब्रुवारीपर्यंत नऊ चौकोन मिळतात, जुलैच्या बॅचला आठ, आणि फेब्रुवारीत आलेल्यांना एकच. म्हणून तक्ता पायरी पायरीनं उतरत त्रिकोणी होतो. उजवीकडे खाली जे चौकोन उरतात त्यांचे महिने अजून उगवलेलेच नाहीत. ते रिकामेच ठेवायचे असतात, त्यात भरायला काही नसतंच.

रंगाचा मी बराच विचार केला. कॉम्प्युटर आपणहून जे लाल-पिवळं-हिरवं भरतो ते मला पटत नाही. तो त्या तक्त्यातला सर्वांत छोटा आकडा लाल करतो, मग तो पंचावन्न का असेना. पंचावन्न टक्के मुली टिकल्या तर मी पेढे वाटीन, आणि हा तिथं धोक्याचा रंग लावतो. शिवाय माझ्या बापाला लाल-हिरवं वेगळं दिसत नाही. हिरवी मिरची कोणती आणि पिकलेली कोणती हे तो आयुष्यभर आईला विचारत आला. असे लोक विश्वस्तांतही असू शकतात. म्हणून मी एकच रंग घेतला, निळा. कमी टक्के म्हणजे फिकट, जास्त म्हणजे गडद. मोजपट्टी सातही खोल्यांना एकच, शून्यापासून नव्वदपर्यंत, म्हणजे राळेगावचा गडद आणि मारेगावचा गडद यांचा अर्थ सारखाच. शून्याच्या रकान्याला राखाडी करून बाजूला ठेवलं, कारण तो सगळीकडे शंभरच असतो, त्याला रंगात घेतलं तर बाकीच्यांतला फरक दबतो. प्रत्येक बॅचपुढे मुली किती तेही लिहिलं. पाठवून दिलं.

सरांचा फोन आला. "छान झालंय. फक्त निळाच का घेतला?"

मी बापाची मिरची सांगितली. ते म्हणाले, "नाही, म्हणजे तुमच्याकडे निळ्याचा जरा वेगळा अर्थ निघतो ना. विश्वस्तांमध्ये सगळ्या विचारांचे लोक आहेत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझं आडनाव त्यांना ठाऊक आहे, आमच्या घरानं दीक्षा घेतलेली हेही ठाऊक असणार. अहो, मी तक्ता केला होता, झेंडा लावला नव्हता. हेच मी जांभळा घेतला असता तर कोणी अर्थ काढला असता का? पण नोकरी म्हणजे नोकरी. मी एवढंच म्हणाले, "सर, रंग बदला हवा तर, पण एकच रंग ठेवा, फिकट ते गडद." ते हो म्हणाले.

आठ मार्चला तक्ता परत आला. लाल-पिवळं-हिरवं. आणि उजवीकडचा रिकामा भाग सगळा शून्यांनी भरलेला, लालभडक. शिवाय मार्चचाही एक चौकोन प्रत्येक ओळीला लावलेला, आठ दिवसांच्या हजेरीवर. आठ दिवसांत जितक्या आल्या तितक्याच मोजल्या, म्हणजे तोही सगळीकडे घसरलेला. पाहणाऱ्याला वाटावं की बॅच जितकी नवी तितकी लवकर मेली.

मी फोन लावला. "सर, ही शून्यं कुठून आली?"

"रिकामं सोडलं तर अर्धवट वाटतं. रिकामं बरं दिसत नाही."

"अहो सर, फेब्रुवारीत आलेली मुलगी पुढच्या ऑक्टोबरला येणार की नाही हे तुम्हाला आजच कसं कळलं?"

"टोन जरा सांभाळा," ते म्हणाले.

टोन मी सांभाळला नाही. उगवलेला नाही तो महिना आणि न आलेली मुलगी यात फरक असतो, आणि तो पेरणीच न होणं आणि पेरलेलं न उगवणं यात असतो तेवढाच मोठा असतो, असं मी त्यांना ऐकवलं. अर्धा तास वाद झाला. शेवटी त्यांनी शून्यं काढली, मार्च काढला, रंगही एकच ठेवला. केशरी. केशरीचा अर्थ निघत नाही वाटतं.

आता तक्ता खरा झाला होता, आणि खऱ्या तक्त्यात एक गोष्ट ठळक दिसत होती. सातही खोल्यांत एक फिकट पट्टी तिरपी उतरत होती. जूनच्या बॅचला पाचव्या महिन्यात, जुलैच्या बॅचला चौथ्या, ऑगस्टच्या बॅचला तिसऱ्या, असं एकेक पायरी डावीकडे सरकत. असं तिरपं काही दिसलं की समजायचं, दोष बॅचचा नाही, कॅलेंडरचा आहे. जून अधिक पाच म्हणजे नोव्हेंबर, जुलै अधिक चार म्हणजेही नोव्हेंबर. नोव्हेंबर-डिसेंबरात पोरी कापूस वेचायला जातात. घरचं वावर असो की दुसऱ्याचं, जावंच लागतं. हे मला कोणी शिकवायची गरज नाही, मी स्वतः ओटी बांधून वेचलेला आहे. राळेगावला पट्टीच्या पलीकडे रंग पुन्हा चढत होता, जानेवारीत पंचेचाळीसच्या आसपास. फुलसावंगीलाही तसंच. मारेगावला मात्र पट्टीच्या पलीकडे काहीच नव्हतं. जूनची बॅच ऑक्टोबरपर्यंत सत्तर, नोव्हेंबरात वीस, डिसेंबरात पंधरा, जानेवारी पंधरा, फेब्रुवारी पंधरा. पोरी गेल्या त्या गेल्याच.

सरांनी विचारलं, "काय वाटतं?" आणि मी, वादात नुकतीच जिंकलेली, मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "सर, मारेगाव खरंच कमजोर आहे." हे वाक्य माझं आहे. ते मला कोणी बोलायला लावलं नाही.

म्हणजे बंद होणार ती मारेगावची खोली, हे जवळपास ठरलं. मनात कुठंतरी टोचत होतं म्हणून असेल, दोन दिवसांनी मी एसटीनं मारेगावला गेले. खोली सांभाळणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. पंचेचाळिशीच्या, आधी शिवणक्लास चालवायच्या, आवाज असा की अर्ध्या गल्लीला ऐकू जावा. मी कधी त्यांच्याकडे गेले नव्हते, फक्त फोनवर बोलणं. मनात मी त्यांना चार खडे बोल सुनवायचं ठरवूनच निघाले होते.

दार उघडलं तर खोली गच्च. एक खुर्ची रिकामी नाही. दोघी तर खिडकीच्या कट्ट्यावर बसून गणितं सोडवत होत्या. मी दारातच उभी राहिले.

ताई म्हणाल्या, "या ना मॅडम, उभ्या कायले राह्यल्या?"

मी म्हटलं, "ताई, माझ्या तक्त्यात तुमच्या जुन्या पोरी नोव्हेंबरपासून येतच नाहीत. मग ह्या कोण?"

"ह्या त्याच हायेत ना बाप्पा. आनखी कोन येते?"

माझ्या लक्षात येईना. मी जूनच्या बॅचमधल्या एका मुलीचं नाव घेतलं. ती समोरच बसलेली. तिचं कार्ड मागितलं. त्यावरचा क्रमांक जानेवारीचा.

ताईंनी मग टेबलाच्या खणातून एक जाड रजिस्टर काढलं. त्यांचं स्वतःचं, संस्थेनं दिलेलं नव्हे. म्हणाल्या, "हे पाहा. पोट्टी वेचाले जाते, दोन महिने येत नाही. तिची खुर्ची कायले अडवून ठेवू? इथं पाय ठेवाले जागा नाही. मारेगावातल्या ज्या पोरी वावरात जात नाहीत, त्या दाराशी नंबर लावून बसल्या राह्यतात. म्हणून म्या जाणारीचं नाव काटलं अन् दुसरीले बसवलं. संक्रांतीच्या आधी फारम घेऊन गावोगाव फिरली, पुन्हा प्रवेश देल्ला. कंप्युटर नवा नंबर देते. जुना नंबर म्या पेनसिलीनं बाजूले लिहून ठेवला, कोनी इचारलं तर."

कोणी विचारलं नव्हतं. मी तरी कुठं विचारलं होतं.

बाकी सहा ठिकाणी नाव काटायची भानगड नव्हती. मुलगी वेचायला गेली की तिचं कार्ड तसंच चालू राहायचं, खुर्ची रिकामी पडायची, ज्यांना यायचं त्या आपल्या आपण परत यायच्या. मारेगावची बाई खुर्ची एक दिवस रिकामी ठेवत नव्हती, आणि त्याची शिक्षा तिला माझा तक्ता देत होता. एकच मुलगी जूनच्या ओळीत मेलेली दिसत होती आणि जानेवारीच्या ओळीत नवी जन्मलेली. तक्ता क्रमांक ओळखतो, माणूस ओळखत नाही.

"फिरली म्हणजे कशी फिरलात?" मी विचारलं.

"एसटीनं, नाही तर पायी. एकेकीच्या मायशी भांडा लागते. माय म्हणते, आता काय करते शिकून, तिसरी वेचणी बाकी हाये. मी म्हनते, वेचणी पुढच्या साली बी येते, भरती येत नाही." आणि मग जरा हसून, "शिव्या बी खाल्ल्या. पण एक पोट्टी सोडली नाही."

खडे बोल माझ्या तोंडातच राहिले. चहा पाजला त्यांनी, तो मान खाली घालून प्यायले.

रजिस्टर घेऊन मी यवतमाळला आले आणि दोन दिवस दुसरं काही केलं नाही. पेन्सिलीचा प्रत्येक क्रमांक जुन्याशी जोडला. मुलीचं नाव, बापाचं नाव, गाव, जन्मतारीख ताडून पाहिली, कारण एका गावात एका नावाच्या तीन-तीन मुली असतात. नियम एकच लावला: मुलगी पहिल्यांदा ज्या महिन्यात आली, तीच तिची बॅच, मग कार्ड कितीही असोत. जानेवारीच्या बॅचमधल्या बावीस मुलींपैकी सतरा जुन्या निघाल्या, खऱ्या नव्या पाचच. त्या पाचांच्या ओळीत एक मुलगी लग्नाला गेली की वीस टक्के उतरतात, म्हणून त्या ओळीला मी खाली टीप टाकली की आकडा छोटा आहे, टक्क्यांवर विसंबू नका. आणि जूनची ओळ? नोव्हेंबर वीस, डिसेंबर पंधरा, जानेवारी साठ, फेब्रुवारी पासष्ट. पट्टीच्या पलीकडे मारेगावइतका गडद रंग सातांत कुठंच नव्हता.

मला इतका आनंद झाला की मी शेजारच्या टेबलावरच्यांना ओढून आणून दाखवला. सरांना पाठवताना सगळं लिहिलं. काटलेली नावं, पुन्हा दिलेले प्रवेश, पेन्सिलीचे क्रमांक, सगळं. वाटलं, आता बोला. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, ते इथं.

बैठक यवतमाळच्या ऑफिसात झाली. विश्वस्त आले, सर आले, सातही खोल्यांच्या बायांना बोलावलं. मारेगावची खोली बंद होणार नाही, हे दहा मिनिटांत ठरलं. दुसरीही कोणती बंद केली नाही, निधीचं पुढच्या वर्षी पाहू म्हणाले. मी निःश्वास सोडला. तेवढ्यात सर उभे राहिले.

"एक गंभीर बाब आहे," ते म्हणाले. "मारेगावला एकाच मुलीचे दोन-दोन प्रवेश दाखवले गेले आहेत. सतरा. नवीन प्रवेशांचा आकडा फुगवला गेला. याचे पुरावे आपल्याकडे आहेत." आणि माझा मेल त्यांनी पडद्यावर लावला.

मी उठले. म्हटलं, "सर, फुगवलं कोणी? त्या बाईनं खुर्ची रिकामी ठेवली नाही, पोरी घरून ओढून आणल्या. तुमचा तक्ता तिला ठाऊकच नव्हता. फुगवायचं असतं तर जुना क्रमांक पेन्सिलीनं लिहून ठेवला असता का?"

"हेतूबद्दल मी बोलत नाही," सर म्हणाले. "प्रक्रियेबद्दल बोलतोय."

मी म्हटलं, "प्रक्रियेबद्दलच बोलायचं तर ह्याच तक्त्यात न उगवलेल्या महिन्यांत शून्यं कोणी भरली होती तेही सांगा ना." सगळे माझ्याकडे पाहू लागले. एका विश्वस्तांनी घड्याळ पाहिलं. कोणीतरी चहा आणायला सांगितला. शून्यांचा विषय चहात बुडाला, आणि ठरलं असं की ताईंनी लेखी माफी द्यावी. पुढे कोणाचंही नाव मधेच काटायचं नाही, एकदा दिलेली जागा वर्षभर त्या मुलीच्याच नावावर राहील. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

ताईंनी माझ्याच टेबलावर बसून माफी लिहिली. अक्षर सुरेख. मुलींना दोनदा प्रवेश दिले, ही माझी चूक झाली, पुन्हा होणार नाही. जिन्यात मी त्यांना गाठलं. "ताई, काहून लिहिली? मी भांडत होते ना."

"जाऊ द्या ना बाई," त्या म्हणाल्या. "खोली राह्यली. मले कागदाचं काय?"

कागदाचं काय ते जूनमध्ये कळलं. अकरा महिन्यांचे करार नवे करायची वेळ आली, तेव्हा सात फायलींपैकी एका फायलीत माफीनामा होता. नोंदींमध्ये अनियमितता, असा शेरा. बाकी सहा करार झाले. मारेगावला नवीन बाई आल्या, चांगल्या शिकलेल्या, कॉम्प्युटर येतो. मी अर्ज केला, फोन केले, एकदा पुण्याला जाऊन आले. "निर्णय झालेला आहे," एवढंच ऐकून परत आले. ताईंनी पुन्हा शिवणाचं मशीन काढलं. मी भेटायला गेले तर मलाच म्हणाल्या, तुमचं डोकं फार तापते, पित्त होईन.

नव्या बाईंना नावं ठेवायला जागा नाही. त्या नियमानं वागल्या. नोव्हेंबरात मुली वेचायला गेल्या, कोणाचं नाव काटलं नाही, प्रत्येकीची खुर्ची तिच्या नावानं रिकामी ठेवली. दाराशी नंबर लावणाऱ्या पोरींना सांगितलं, जागा भरलेल्या आहेत. जानेवारीचे आकडे आले तेव्हा मी कितीदा तरी तपासले. वीस टक्के. फेब्रुवारीत पंचवीस. आणि ह्या वेळी जोडायला कुठलाही पेन्सिलीचा क्रमांक नव्हता. खरोखर आल्याच नव्हत्या.

सरांनी त्या चौकोनांखाली लिहिलं, "हंगामी परिणाम." मी त्याखाली लिहिलं, "हंगाम मागच्या वर्षीही होता, बोलावणारी बाई या वर्षी नव्हती." माझी ओळ काढून तक्ता परत आला. मी पुन्हा लिहिली. पुन्हा काढून आला.

मार्चच्या सुरुवातीला मी मारेगावला गेले होते, हजेरीचं यंत्र बदलायचं होतं म्हणून. परत निघताना स्टँडवर एक मुलगी दिसली. मागच्या वर्षी खोलीत खिडकीच्या कट्ट्यावर बसून गणितं करणाऱ्या दोघींतली एक. मला ओळखून हसली. डोक्यावर रुमाल, हातात डबा, वावरातून आलेली.

मी विचारलं, "काहून येत नाही गं?"

"कशी येऊ मॅडम? जागा गेली ना माही."

"कोण म्हणालं?"

"मागच्या साली ताई घरी आलती. नाव काटलं होतं ते पुन्हा लिवलं, मायशी भांडून घेऊन गेलती मले. या साली कोनीच नाही आलं. मले वाटलं, आता माहं नाव घेत नाहीत."

मी तिला सांगितलं की तिचं नाव काटलेलंच नाही. कार्ड चालू आहे, खुर्ची चार महिने तिच्याच नावावर रिकामी पडली आहे, आत्ता चालली तरी बसता येईल. ती डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेत ऐकत राहिली.

मग म्हणाली, "भरतीच्या फारमाची तारीख गेली मॅडम. पुढच्या भरतीत माहं वय बसत नाही."

तिची गाडी लागली, ती गेली. मी तिथूनच, स्टँडच्या कट्ट्यावर बसून, सरांना फोन लावला आणि काय घडलं ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. वाईट वाटलं म्हणाले. मग म्हणाले, "पण एक मुलगी म्हणजे टक्केवारीत फार फरक पडत नाही हो."

"पाच टक्के पडतो सर," मी म्हणाले. "वीस जणींची बॅच आहे." आणि फोन ठेवला.